दोन लाख दहा हजार कुठे गेले?

महिन्याची सात तारीख. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मशिन शॉपमध्ये मागच्या महिन्याचा हिशेब टेबलावर येतो. कॉस्टिंग बघणारे काका एक कागद वर्क्स मॅनेजरसमोर सरकवतात. खालून तिसऱ्या ओळीत लिहिलंय : ‘स्थिर ओव्हरहेड तफावत, २,१०,००० रुपये, प्रतिकूल’.

वर्क्स मॅनेजर चष्मा काढतो. “काका, जूनमध्ये मी एक नवा खिळासुद्धा घेतला नाही. शेडचं भाडं तेच, पगार तेच, उलट एक माणूस कमीच होता. मग हे दोन लाख मी काय खिशात घातले?”

हा प्रश्न मी वेगवेगळ्या शॉपमध्ये इतक्यांदा ऐकलाय, की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. वर्क्स मॅनेजरचं म्हणणं बरंचसं खरं आहे आणि काकांचा आकडाही बरोबर आहे. गडबड एवढीच, की त्या एका आकड्यात दोन अगदी वेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र बांधल्यात. एकीत खरोखर पैसे गेलेत. दुसरीत एक रुपयाही जास्तीचा गेलेला नाही. उदाहरणातलं शॉप मी तीन-चार ओळखीच्या शॉपवरून बेतलं आहे आणि हिशेब सोपा जावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

शॉपमध्ये सहा व्हीएमसी मशिनं आहेत. जवळच्या फाउंड्रीतून पंपाच्या हाउसिंगची कास्टिंग येतात, इथे त्यांचं मशिनिंग होतं आणि माल पंप बनवणाऱ्याकडे जातो. एका हाउसिंगला प्रमाणित वेळ अर्धा तास, म्हणजे तासाला दोन नग. दोन पाळ्या, आठ-आठ तासांच्या, महिन्याला पंचवीस दिवस. कागदावर सहा मशिनचे २,४०० तास होतात. पण सेटिंग, देखभाल, वीज जाणं, माणूस न येणं हे सगळं धरून वर्षाचं बजेट करताना महिन्याला २,००० तास हीच या शॉपची नेहमीची क्षमता मानली. म्हणजे ४,००० नग.

आता स्थिर खर्च. मशिन फिरो वा न फिरो, जो खर्च महिना उलटला की होतोच, तो. बजेटमध्ये शेडभाडं १,४०,०००, मशिनचा घसारा ३,९०,०००, सुपरवायझर-तपासनीस-स्टोअर-मेंटेनन्स यांचे पगार ४,२०,०००, वीज बिलातला मागणी आकार ९०,०००, विमा ३५,०००, देखभाल करार आणि मोजमाप उपकरणांचं कॅलिब्रेशन ४५,०००, वॉचमन-साफसफाई वगैरे ८०,०००. बेरीज बरोबर बारा लाख. (बँकेचं व्याज यात नाही. मालक ते नेहमी यात घालायला बघतात, पण तो भांडवल कुठून आणलं याचा खर्च आहे, हाउसिंग बनवण्याचा नाही.) वीज बिलाचे इथे दोन तुकडे होतात, हे ध्यानात ठेवायचं. जळलेली युनिटं मशिन फिरतील तशी वाढतात-घटतात, म्हणून ती बदलत्या खर्चात. मागणी आकार मात्र मागणीच्या करारावर लागतो आणि कारखाना महिनाभर कुलूपबंद ठेवला तरी तो पूर्ण थांबत नाही.

बारा लाख भागिले दोन हजार तास, म्हणजे तासाला ६०० रुपये. नगाला अर्धा तास, म्हणून नगामागे ३००. हाच या शॉपचा प्रमाणित स्थिर ओव्हरहेड दर. एक चांगला नग तयार झाला, की काका वहीत त्याच्या नावे तीनशे रुपये टाकतात आणि म्हणतात, एवढा ओव्हरहेड ‘वसूल’ झाला. ही वसुली कागदावरची. गिऱ्हाइकाकडून पैसे आले का, याच्याशी तिचा संबंध नाही.

इथे हुशार माणूस विचारतो : एवढं कशाला? महिना संपल्यावर झालेला खर्च झालेल्या नगांनी भागा की. भागून पाहू. जूनमध्ये ३,४०० चांगले नग झाले आणि स्थिर खर्च झाला १२,३०,०००. म्हणजे नगामागे सुमारे ३६२ रुपये. मालक हा आकडा धरून जुलैत भाव सांगायला बसला, तर प्रत्येक हाउसिंगचा भाव साठ रुपयांनी चढा जाईल. भाव चढला की ऑर्डर कमी होणार, ऑर्डर कमी झाली की तोच बारा लाखांचा बोजा आणखी कमी नगांवर पडणार आणि पुढच्या महिन्यात भाव आणखी चढणार. मंदीत अशा भागाकारावर चालणारं शॉप स्वतःच्याच हिशेबाने स्वतःला बाजाराबाहेर काढतं. म्हणून दर एकदाच, नेहमीच्या क्षमतेवर ठरवायचा आणि वर्षभर तोच ठेवायचा. महिन्यागणिक जो फरक पडेल, तो नगाच्या अंगावर न टाकता बाजूला काढून दाखवायचा. त्या बाजूला काढलेल्या फरकालाच आपण तफावत म्हणतोय. शॉपमध्ये सगळे ‘व्हेरियन्स’च म्हणतात.

जूनचा हिशेब आता दोन ओळींत होतो. ३,४०० नगांमागे ३०० प्रमाणे वसूल झाले १०,२०,०००. खर्च झाला १२,३०,०००. कमी पडले २,१०,०००. पण मध्ये बजेटचे बारा लाख ठेवा, की त्याचे दोन भाग पडतात. १२,३०,००० आणि १२,००,००० यांतला ३०,००० हा फरक ठरवल्यापेक्षा जास्त खर्च केल्याचा. त्याला खर्चाची तफावत म्हणायचं. उरलेले १,८०,००० हे बारा लाखांचा बोजा वाहायला ४,००० नग हवे होते आणि ३,४००च आले, म्हणून. सहाशे नगांचे तीनशे-तीनशे रुपये वसूल व्हायचे राहिले. ही उत्पादनाच्या मात्रेची, म्हणजे व्हॉल्यूमची तफावत.

लग्नघरातलं उदाहरण घ्या. मंगल कार्यालय पन्नास हजारांत ठरवलं, पाचशे पाहुणे धरले, म्हणजे माणशी शंभर. प्रत्यक्षात चारशेच आले. कार्यालयाचं भाडं एक पैशानेही वाढलेलं नाही, तरी माणशी शंभराच्या हिशेबाने दहा हजार ‘बसले नाहीत’. वर कार्यालयवाल्याने जनरेटरचे दोन हजार जास्तीचे लावले. त्या दोन हजारांसाठी वधूपिता कार्यालयवाल्याशी भांडू शकतो. दहा हजारांसाठी कुणाशी भांडणार? फार तर पत्रिका वाटणाऱ्या मेहुण्याशी.

वर्क्स मॅनेजरच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. त्याच्या हातून, किंवा निदान त्याच्या शॉपमधून, जास्तीचे गेले ते तीस हजार. उरलेले एक लाख ऐंशी हजार कुणीच कुणाला दिलेले नाहीत. बँकेच्या पासबुकात ते शोधून सापडणार नाहीत.

आधी ते तीस हजार पाहू, कारण दिसायला ते किरकोळ आहेत. खर्चाची तफावत बेरजेत वाचायची नसते, ओळीओळीने वाचायची असते. भाडं, घसारा, विमा जिथल्या तिथे. वॉचमन-साफसफाई पाच हजारांनी वर. मागणी आकार ९०,०००ऐवजी १,०८,०००, म्हणजे अठरा हजार वर. देखभाल ४५,०००ऐवजी ७०,०००, पंचवीस हजार वर. आणि पगार ४,२०,०००ऐवजी ४,०२,०००, अठरा हजार खाली, कारण एका तपासनिसाची जागा महिनाभर रिकामी होती. म्हणजे अठ्ठेचाळीस हजार जास्त गेले, अठरा हजार वाचले आणि बेरजेत दिसले तीस.

मागणी आकाराचे अठरा हजार ही वर्क्स मॅनेजरने स्वतः हाताळायची गोष्ट आहे. करारातल्या केव्हीएच्या पलीकडे महिन्यात एकदा जरी मीटरने कमाल मागणी नोंदवली, तरी जास्तीच्या भागाला दंडाचा दर लागतो. जूनमध्ये एका सकाळी वीज गेली, परत आली आणि सहाही मशिनं, दोन्ही कॉम्प्रेसर, शेडचे पंखे सगळं एकदम सुरू झालं. तेवढा थोडा वेळ मीटरवर चढला आणि बिलात महिनाभरासाठी बसला. उपाय साधा आहे : वीज आल्यावर काय आधी, काय नंतर सुरू करायचं याची पाटी पॅनेलजवळ लावायची आणि पाळीच्या सुपरवायझरला ती पाळायला लावायची. हा उपाय बेरजेतल्या तीस हजारांकडे बघून कुणाला सुचला नसता.

देखभालीचे पंचवीस हजार हे चार नंबरच्या मशिनचं स्पिंडल बसलं त्याचे. कंपनीचा इंजिनिअर कराराबाहेरच्या भेटीला आला, बेअरिंग बदललं, बिल केलं. या ओळीकडे आपण पुन्हा येऊ.

एक सावधगिरी इथेच सांगतो. खर्चाची तफावत बघून आरडाओरड करण्याआधी ती काळाची तर नाही, हे विचारायचं. वर्षाचा कॅलिब्रेशनचा खर्च एकाच बिलाने आला आणि काकांनी तो बारा महिन्यांत वाटला नाही, तर त्या महिन्यात मोठी प्रतिकूल तफावत दिसते आणि उरलेल्या अकरा महिन्यांत थोडी-थोडी अनुकूल. विम्याचंही तसंच. अशा वेळी शॉपमध्ये काहीच घडलेलं नसतं, फक्त वहीत घडलेलं असतं. आणि भाड्याच्या किंवा घसाऱ्याच्या ओळीत तफावत आली, तर ती वर्क्स मॅनेजरच्या नावावर लावण्यात अर्थ नाही. मशिन घेण्याचा निर्णय त्याचा नव्हता.

आता एक लाख ऐंशी हजार. सहाशे नग का कमी झाले, हे विचारायला रुपये सोडून तासांकडे यावं लागतं. मशिनं २,००० तास चालायला हवी होती, चालली १,८००. म्हणजे दोनशे तास मशिनं उभीच होती. आणि जे १,८०० तास चालली, त्यांत तासाला दोन या हिशेबाने ३,६०० नग निघायला हवे होते. निघाले ३,४००, जे सतराशे तासांचं काम आहे. म्हणजे आणखी शंभर तास चालूनही वाया गेले. दोनशे तासांचे ६०० प्रमाणे १,२०,००० : ही क्षमतेची तफावत. शंभर तासांचे ६०,००० : ही कार्यक्षमतेची. बेरीज पुन्हा १,८०,०००. व्हॉल्यूमची तफावत अशी फोडल्याशिवाय वर्क्स मॅनेजरपुढे ठेवूच नये, असं माझं ठाम मत आहे. न फोडलेला आकडा फक्त अपराधी वाटायला लावतो, कुठे बघायचं ते सांगत नाही.

उभ्या मशिनचे दोनशे तास कुठले, हे पाळीच्या नोंदवहीत असतं, ती नीट लिहिलेली असेल तर. या शॉपमध्ये ती लिहिलेली होती. नव्वद तास फाउंड्रीकडून कास्टिंग आली नाहीत म्हणून. सत्तर तास चार नंबरचं स्पिंडल. चाळीस तास महिन्याच्या अखेरीला काढायला ऑर्डरच नव्हती. तीन कारणं, तीन वेगळी टेबलं : खरेदी, मेंटेनन्स, विक्री. त्यांतलं एकच वर्क्स मॅनेजरच्या अखत्यारीतलं.

ते स्पिंडल बघा. एकच बिघाड कागदावर दोन ठिकाणी उमटलाय. खर्चाच्या तफावतीत पंचवीस हजार आणि व्हॉल्यूमच्या तफावतीत सत्तर तासांचे बेचाळीस हजार. आणि नोंदवहीत आणखी एक गोष्ट होती. त्या सत्तर तासांपैकी बत्तीस तास, म्हणजे दोन अख्खे दिवस, इंजिनिअरला बोलावण्याच्या पंचवीस हजारांना मंजुरी मिळवण्यात गेले. बजेटबाहेरचा खर्च, मालक मुंबईला, सही कोण करणार. खर्चाची ओळ हिरवी ठेवण्याच्या धडपडीत प्रमाणित दराने १९,२०० रुपयांचे मशिन-तास उभे राहिले आणि पंचवीस हजार शेवटी द्यावे लागलेच. दोन्ही तफावती एकाच पानावर शेजारी-शेजारी असल्या, तरच हे दिसतं. बहुतेक ठिकाणी खर्चाचा अहवाल अकाउंट्सकडे आणि उत्पादनाचा प्लॅनिंगकडे असतो.

चालूनही वाया गेलेले शंभर तास आणखी बोलके आहेत. त्यांपैकी चाळीस तास कठीण कास्टिंगमुळे. फाउंड्रीकडून आलेल्या एका लॉटमध्ये पृष्ठभाग नेहमीपेक्षा कडक होता, इन्सर्ट पटापट तुटत होते, म्हणून ऑपरेटरने फीड कमी केलं. त्याने योग्यच केलं. पण अर्ध्या तासाचा नग जास्त वेळ घेऊ लागला. उरलेले साठ तास १२० नाकारलेल्या नगांचे. बोअरचा व्यास मापाबाहेर गेला आणि ते कळेपर्यंत एवढे नग तसेच निघाले होते. सेटिंग बदलल्यावर पहिला नग तपासून मग मशिन सोडायचं, हा शॉपचा नियम. दुसऱ्या पाळीत तो कोण पाळत होता? तोच तपासनीस, ज्याची जागा जूनमध्ये रिकामी होती.

म्हणजे पगाराच्या ओळीत जे अठरा हजार अनुकूल म्हणून दिसले, त्यांची दुसरी बाजू कार्यक्षमतेच्या तफावतीत छत्तीस हजारांना बसली. शिवाय १२० कास्टिंग भंगारात गेली, ते मालाच्या तफावतीत वेगळं. स्थिर खर्चात ‘बचत’ दिसली, की ती कुठल्या खुर्चीवरची आहे हे आधी विचारावं, असं मला त्या दिवसापासून वाटतं.

इथपर्यंत ‘इतके हजार बसले’, ‘इतके वाया गेले’ असं मी सरळ लिहीत आलो. आता ते थोडं मागे घ्यायला हवं. कारण व्हॉल्यूमच्या तफावतीतले रुपये हे खरे नुकसान मोजत नाहीत. तासाला सहाशे हा आपणच केलेला भागाकार आहे. उभ्या मशिनच्या तासाची खरी किंमत किती, हे त्या तासात निघालेला नग कुणी विकत घेतला असता का, यावर आहे.

हाउसिंगला भाव १,४०० मिळतो असं धरा. कास्टिंग, इन्सर्ट, कूलंट, विजेची युनिटं, ठेकेदाराची मजुरी मिळून नग काढायला १,०२० लागतात. म्हणजे एक नग विकला गेला की ३८० हातात राहतात आणि त्यातूनच स्थिर खर्च भागतो, वर नफा होतो. जूनमधल्या तीनशे तासांपैकी चाळीस तास ऑर्डर नव्हतीच. त्या तासांत मशिन उभं राहिल्याने काहीच गेलं नाही. काढले असते तर नग पडून राहिले असते. उरलेल्या दोनशे साठ तासांत ५२० नग निघाले असते आणि गिऱ्हाईक वाट बघत होतं. ते त्याने दुसरीकडून घेतले असतील, तर नगाला ३८० प्रमाणे १,९७,६०० रुपये गेले. जुलैत पाठवले तर चालतील म्हणाला असेल आणि जुलैत मशिनला तेवढी फुरसत असेल, तर जवळजवळ काहीच गेलं नाही. काकांचा कागद तिन्ही परिस्थितींत १,८०,०००च दाखवतो.

म्हणून वर्क्स मॅनेजरने या आकड्यातल्या रुपयांवर फार विसंबू नये. तास मात्र घट्ट धरावेत. खर्चाची तफावत याच्या बरोबर उलटी : तिथे रुपये खरे आहेत आणि तास त्यात नाहीतच.

रुपये किती हलके आहेत, हे आणखी एका प्रकारे पडताळता येतं. समजा, वर्षाच्या सुरुवातीला नेहमीची क्षमता २,००० न धरता कागदावरचे पूर्ण २,४०० तास धरले असते. दर झाला असता ५००. जूनच्या सतराशे तासांच्या कामावर वसुली साडेआठ लाख आणि व्हॉल्यूमची तफावत साडेतीन लाख प्रतिकूल. कुणी फार सावध होऊन १,७०० तासच धरले असते, तर जूनची तफावत शून्य आली असती आणि मीटिंगमध्ये चहाबरोबर भजी आली असती. शॉप तेच, महिना तोच, नग तेवढेच. तिन्ही हिशेबांत खर्चाची तफावत मात्र तीस हजारांवरून हलत नाही, कारण तिच्यात भागाकारच नाही. व्हॉल्यूमची तफावत मोठी दिसली, की आधी विचारावं : खालचा आकडा कुणी ठरवला आणि कधी? मशिनं वाढली, पाळी बंद झाली, तरी तीन वर्षांपूर्वीची क्षमता तशीच ठेवलेली अनेक शॉप मी पाहिली आहेत. गणपतीच्या दिवसांत किंवा दिवाळीत बावीसच दिवस काम होणार हे ठाऊक असून पंचवीस दिवसांचे तास धरणारीही पाहिली आहेत. तिथे दरवर्षी त्या महिन्यांत प्रतिकूल तफावत येते आणि दरवर्षी तिच्यावर चर्चा होते.

उभ्या मशिनचा खर्च नगाच्या किमतीत मिसळू नये, हे म्हणणं जुनं आहे. ज्यांच्या नावाचा तक्ता आज प्रत्येक प्लॅनिंग विभागाच्या भिंतीवर असतो, त्या हेन्री गँट यांनी १९१५मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे हेच मांडलं होतं. वस्तूच्या अंगावर तिच्या उत्पादनाला खरोखर लागलेलाच खर्च पडावा. रिकाम्या यंत्रसामग्रीचा खर्च वेगळा काढून नफा-तोट्यात थेट दाखवावा, म्हणजे तो कुणाच्या तरी नजरेला येईल. ते इंजिनिअर होते, हिशेबनीस नव्हते, हे विसरू नये. आज आपल्याकडच्या साठा-मूल्यांकनाच्या लेखामानकात, एएस २मध्ये, तीच रीत आहे : स्थिर उत्पादन खर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटायचा आणि उत्पादन कमी झाल्याने जो वाटला गेला नाही, तो साठ्याच्या किमतीत न घालता त्याच काळाचा खर्च म्हणून टाकायचा.

याच रीतीत एक सापळाही आहे आणि जूनच्या मीटिंगनंतर या शॉपने त्यात पाय घातलाच. मालकांनी त्या २,१०,००० च्या ओळीवर लाल रेघ मारून ‘पुढच्या महिन्यात हे दिसता कामा नये’ असं लिहिलं होतं. जुलैत स्पिंडल नीट होतं, फाउंड्रीने कास्टिंग भरभरून पाठवली, तपासनीस रुजू झाला. मशिनं धो-धो चालली. ४,२०० नग निघाले. ठरल्यापेक्षा दोनशे जास्त, म्हणून व्हॉल्यूमची तफावत साठ हजार अनुकूल. खर्चाची तफावत जवळपास शून्य. ऑगस्टच्या सात तारखेला मालकांनी पेढे मागवले.

वर्क्स मॅनेजरने कागद हातात घेतला. मागच्या वेळी चष्मा काढला होता, या वेळी पुसून घातला. “काका, डिस्पॅच किती?”

“तीन हजार सातशे.”

पाचशे नग स्टोअरमध्ये होते. प्रत्येकी १,०२० प्रमाणे पाच लाख दहा हजार रुपये कास्टिंग-मजुरी-विजेच्या रूपाने रोख बाहेर गेले होते आणि लोखंड होऊन रॅकवर बसले होते. हिशेबात त्या प्रत्येक नगाला तीनशे रुपये स्थिर खर्चही चिकटलेला. म्हणजे जुलैच्या बारा लाखांपैकी दीड लाख जुलैच्या नफा-तोट्यातून उठून साठ्यात जाऊन बसले. जुलैचा नफा तेवढ्याने फुगला. भाडं, पगार, मागणी आकार मात्र जुलैतच पूर्ण दिला गेला. ते नग विकले जातील त्या महिन्यात दीड लाख पुन्हा खर्च म्हणून बाहेर येतील. नाही विकले गेले, पंपवाल्याने डिझाइन बदललं, तर नगाचे पूर्ण १,३२० वजा भंगाराचा भाव.

“गिऱ्हाइकाची ऑगस्टची ऑर्डर किती आलीय?”

“बत्तीसशे.”

“मग या महिन्यात मी सत्तावीसशेच काढणार. व्हॉल्यूमची तफावत किती येईल?”

काकांनी कॅलक्युलेटर न काढता सांगितलं, “तीन लाख नव्वद हजार. प्रतिकूल.”

“येऊ दे. त्या ओळीशेजारी डिस्पॅचचा रकाना घाला आणि खाली कारण मी लिहून देतो,” असं म्हणून त्याने पेढ्यांचा पुडा काकांकडे सरकवला आणि दुसऱ्या पाळीतली दोन मशिनं महिनाभर देखभालीला काढायची चिठ्ठी लिहायला घेतली.